४० ऑर्डर, २५,२०० ची विक्री आणि बँकेत १२,२०८ रुपये! बाकीचे पैसे गेले कुठे?



ऑनलाइन विक्री सुरू केलेल्या जवळजवळ प्रत्येकाचा पहिल्या दोन-तीन महिन्यांत एकच प्रश्न असतो: "सर, डॅशबोर्डवर विक्री एवढी दिसते, मग बँकेत एवढेच का आले?" आणि त्याला जोडून दुसरं वाक्य येतं, "कमिशन कापलं असेल." हे "असेल" धोक्याचं आहे. कापलेल्या पैशात काही रक्कम खरा खर्च असते, काही अजून यायची असते, काही सरकारकडून परत मिळणारी असते आणि काही चक्क चुकून कापलेली असते. या चारही गोष्टी एकाच वजाबाकीत मिसळल्या, की नफा किती हे कळत नाही आणि चुकून गेलेला पैसाही मागता येत नाही.

आज आपण एकच उदाहरण घेऊन ते शेवटच्या पैशापर्यंत सोडवणार आहोत. आकडे उदाहरणाचे आहेत. तुमचं कमिशन किती, शिपिंगचा स्लॅब काय, हे तुमच्या प्लॅटफॉर्मच्या रेट कार्डात बघून त्या जागी टाका. पद्धत मात्र ॲमेझॉन असो, फ्लिपकार्ट असो की मीशो, हीच राहते.

आधी एका ऑर्डरचा हिशोब

समजा, तुम्ही सोलापुरातून टर्किश टॉवेलचा सेट विकता. ग्राहक ६३० रुपये देतो. त्यात ५ टक्के जीएसटी आहे, म्हणजे मालाची किंमत ६०० आणि जीएसटी ३०. ही ३० रुपयांची रक्कम तुमची नाही, ती सरकारची आहे. ती तुमच्या हातून जाते एवढंच.

आता प्लॅटफॉर्म काय कापतो ते बघू. कमिशन १० टक्के, म्हणजे ६३ रुपये. क्लोजिंग फी किंवा फिक्स्ड फी २७ रुपये. अर्धा किलोपर्यंतचं शिपिंग ५० रुपये. एकूण फी झाली १४०. या फीवर प्लॅटफॉर्म १८ टक्के जीएसटी लावतो, म्हणजे २५.२० रुपये.

याशिवाय दोन छोट्या कपाती असतात. जीएसटीचा टीसीएस मालाच्या किमतीवर लागतो. १० जुलै २०२४ पासून त्याचा दर अर्धा टक्का आहे, म्हणून इथे ३ रुपये. दुसरा इन्कम टॅक्सचा टीडीएस, जो १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्के आहे, म्हणजे साधारण ६० पैसे. (तुम्ही वैयक्तिक नावावर विकत असाल, पॅन किंवा आधार दिलेलं असेल आणि त्या प्लॅटफॉर्मवरची वर्षाची विक्री ५ लाखांच्या आत असेल, तर हा टीडीएस कापला जात नाही.)

म्हणजे ६३० मधून १६५.२०, ३ आणि ०.६० गेले. हातात यायला हवेत ४६१.२० रुपये. हा आकडा प्रत्येक प्रॉडक्टसाठी काढून ठेवा. याला आपण "अपेक्षित रक्कम" म्हणू. हा आकडा तयार नसेल तर पुढची जुळवणी होऊच शकत नाही, कारण आलेली रक्कम कशाशी ताडून बघायची तेच ठरलेलं नसतं.

परत आलेल्या ऑर्डरचीही अपेक्षित रक्कम असते, आणि ती शून्य नसते! आपल्या उदाहरणात ग्राहकाने सेट परत केला, तर कमिशन आणि क्लोजिंग फी तुम्हाला परत मिळते. पण जाण्याचं शिपिंग ५० रुपये मिळत नाही आणि परत आणण्याचे ८० रुपये वेगळे लागतात. १३० वर जीएसटी धरून १५३.४०. म्हणजे परत आलेल्या ऑर्डरची अपेक्षित रक्कम उणे १५३.४०. लक्षात ठेवा, हा नियम ग्राहकाने घेऊन परत केलेल्या मालाचा आहे. पार्सल ग्राहकापर्यंत पोहोचलंच नाही आणि कुरिअर ते परत घेऊन आला, तर बऱ्याच ठिकाणी वेगळा नियम असतो. रेट कार्डात या दोन्हींच्या ओळी वेगळ्या बघा.

एक्सेलची शीट: फक्त दोन पानं

पहिलं पान `Orders`. एका ऑर्डर आयटमला एक ओळ. A कॉलममध्ये ऑर्डर आयटमचा नंबर, मग तारीख, प्रॉडक्ट, डिलिव्हर झाली की परत आली, आणि E कॉलममध्ये अपेक्षित रक्कम. ऑर्डर नंबर न घेता आयटमचा नंबर घ्या, कारण ग्राहकाने एकाच ऑर्डरमध्ये दोन वस्तू घेतल्या आणि एकच परत केली, तर ऑर्डर नंबरवरून काहीच कळत नाही.

दुसरं पान `Payment`. प्लॅटफॉर्मच्या पेमेंट किंवा सेटलमेंट रिपोर्टमधल्या ओळी इथे टाका. A मध्ये आयटम नंबर आणि F मध्ये त्या ओळीची निव्वळ रक्कम. प्रत्येक सेटलमेंटला नवीन पान करू नका. नवीन ओळी जुन्यांच्या खाली चिकटवत जा. विक्रीचे पैसे या आठवड्यात येतात आणि परतीची वजावट पुढच्या आठवड्यात. दोन्ही एकाच पानावर असतील तरच ती ऑर्डर पूर्ण दिसते.

आता `Orders` मध्ये F आणि G कॉलमला हे सूत्र:

```
F2:  =SUMIF(Payment!A:A,A2,Payment!F:F)
G2:  =F2-E2
```

F मध्ये आलेली रक्कम, G मध्ये फरक. H कॉलम रिकामा ठेवा, तिथे फरकाचं कारण लिहायचं आहे.

बरेच जण इथे `VLOOKUP` वापरतात आणि फसतात. एकाच ऑर्डरच्या पेमेंट रिपोर्टमध्ये तीन-चार ओळी असू शकतात: विक्री, रिफंड, नंतरची दुरुस्ती. `VLOOKUP` पहिली ओळ सापडली की थांबतो. त्याला विक्रीचे ४६१.२० दिसतात, खालची परतीची वजावट दिसतच नाही. सगळं जुळलं असं वाटतं आणि बँकेत मात्र पैसे कमी असतात. `SUMIF` सगळ्या ओळींची बेरीज करतो.

आणखी एक खोच. एक्सेल १५ अंकांपुढचा आकडा नीट सांभाळत नाही, शेवटचे अंक शून्य करून टाकतो. १७-१८ अंकी आयटम नंबर असलेली फाइल तुम्ही डबल क्लिक करून उघडली, की नंबर बिघडलाच समजा. म्हणून फाइल इम्पोर्ट करताना तो कॉलम `Text` निवडा. तेवढंही पुरत नाही, कारण `SUMIF` लांब नंबरचे पहिले १५ अंकच बघतो आणि दोन वेगळ्या ऑर्डरना एकच समजू शकतो. उपाय साधा आहे. दोन्ही पानांवर नंबरच्या आधी एक अक्षर जोडा, उदाहरणार्थ `="A"&TRIM(B2)`, जिथे B2 मध्ये मूळ नंबर आहे. मग हा तयार झालेला मजकूर `Paste Special` मधून `Values` करून A कॉलममध्ये ठेवा.

ऑर्डरच्या आधी बँक जुळवा

शीट तयार झाली की लगेच ऑर्डर बघायला धावू नका. आधी एका सेटलमेंटच्या सगळ्या ओळींची बेरीज करा आणि ती बँकेत त्याच UTR नंबरने जमा झालेल्या रकमेशी ताडून बघा. ही बेरीज जुळलीच पाहिजे. नाही जुळली तर तुम्ही रिपोर्टचा एखादा भाग डाउनलोडच केलेला नाही. बहुतेक वेळा तो भाग जाहिरातीचा किंवा स्टोरेजचा असतो, कारण त्या ओळींना ऑर्डर नंबर नसतो आणि काही प्लॅटफॉर्म त्या वेगळ्या टॅबमध्ये देतात. फक्त ऑर्डर जुळवणाऱ्याला हे पैसे कधीच सापडत नाहीत.

आता आपल्या ४० ऑर्डर

४० ऑर्डर, प्रत्येकी ६३०, म्हणजे २५,२०० ची विक्री. बँकेत आले १२,२०८.६०. फरक १२,९९१.४०. G कॉलम बघत गेल्यावर चित्र असं दिसतं.

३१ ऑर्डर डिलिव्हर झाल्या आणि त्यांचे पैसे आले. ४ ऑर्डर ग्राहकांनी परत केल्या. ५ ऑर्डर डिलिव्हर झाल्या, पण त्यांची सेटलमेंटची तारीख अजून आलेली नाही. त्या ३१ पैकी १० ऑर्डरमध्ये ४६१.२० च्या ऐवजी ४३१.७० आले, प्रत्येकी २९.५० कमी. आणि ऑर्डर नंबर नसलेली एक ओळ सापडली: जाहिरात १,०००, त्यावर जीएसटी १८०.

आता फरकाचे चार ढीग करू.

पहिला ढीग, विक्री झालीच नाही किंवा पैसे यायचे आहेत. परत आलेल्या ४ ऑर्डरचे २,५२० आणि थांबलेल्या ५ ऑर्डरचे ३,१५०. एकूण ५,६७०. थांबलेल्या ऑर्डरसमोर H मध्ये "बाकी" लिहा आणि सेटलमेंटची तारीख टाका. तारीख उलटून गेल्यावरही F शून्य असेल, तर ती ऑर्डर "बाकी" राहत नाही, ती तक्रार होते.

दुसरा ढीग, परत मिळणारा कर. सगळ्या फीवरचा जीएसटी मिळून १,०९९.८० होतो. ३१ ऑर्डरचा टीसीएस ९३ रुपये आणि टीडीएस १८.६०. एकूण १,२११.४०. हा खर्च नाही. फक्त तो परत मागावा लागतो, आपोआप येत नाही. ते कसं, पुढे बघू.

तिसरा ढीग, खरी फी. उरलेले ६,११० रुपये. यात ३१ ऑर्डरची नेहमीची फी ४,३४०, परतीच्या शिपिंगसह ५२०, जाहिरात १,००० आणि जास्तीच्या वजनाचे २५०.

चौथा ढीग या तिसऱ्याच्या पोटात लपलेला असतो: चुकून गेलेला पैसा. इथे तो दोन ठिकाणी आहे.

दहा ऑर्डरना जास्त शिपिंग का लागलं?

तोच सेट, तीच पिशवी, वजन ४५० ग्रॅम. २१ ऑर्डरना अर्ध्या किलोचा दर आणि १० ऑर्डरना एक किलोचा. असं का?

कुरिअर फक्त काट्यावरचं वजन बघत नाही, पार्सलने अडवलेली जागाही बघतो. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५,००० ने भागायचं. हे झालं व्हॉल्युमेट्रिक वजन. दोन्हींपैकी जे जास्त, त्यावर पैसे. तुमची पिशवी ३० × २० × ४ असेल, तर २,४०० भागिले ५,००० म्हणजे ०.४८ किलो. अर्ध्या किलोच्या आत बसली. पण टर्किश टॉवेल फुगतो. वाटेत घडी सैल झाली आणि उंची ५ सेंटिमीटर भरली, की ३,००० भागिले ५,००० म्हणजे ०.६० किलो. थेट एक किलोचा स्लॅब! एका सेंटिमीटरचे २५ रुपये आणि त्यावर जीएसटी.

म्हणून आधी नमुना बघा. सगळ्याच ऑर्डरना जास्त दर लागला असेल तर दोष बहुधा तुमच्या पॅकिंगचा किंवा लिस्टिंगमध्ये भरलेल्या मापांचा आहे. तक्रार करून उपयोग नाही, आधी माप दुरुस्त करा. काहींनाच लागला असेल, तर मोजमापात फरक पडतोय आणि तक्रारीला जागा आहे. त्यासाठी पार्सल काट्यावर ठेवलेला आणि टेपने उंची मोजलेला, शिपिंग लेबल दिसेल असा फोटो लागतो. तो पाठवायच्या आधीच काढलेला हवा. आणि पुढच्या मालाला घडी दाबून आतून पट्टी बांधा, म्हणजे भांडायची वेळच येणार नाही.

चार रिफंड, पण सेट आले तीनच

दुसरी गळती पेमेंट रिपोर्टमध्ये दिसतच नाही. रिपोर्ट म्हणतो चार परती. तुमच्या घरी सेट किती आले? तीन. चौथ्याचे ६३० रुपये ग्राहकाला परत गेले, परतीचं शिपिंग तुमच्याकडून कापलं गेलं आणि सेट मात्र वाटेत कुठेतरी आहे.

यासाठी दाराजवळ एक साधी वही ठेवा. परतीचं पार्सल आलं की तारीख, ट्रॅकिंग नंबर आणि आतला माल कसा आहे ते लिहा. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ एकाच शॉटमध्ये काढा, सुरुवातीला लेबल स्पष्ट दिसू द्या. आठवड्यातून एकदा वही आणि रिपोर्टमधल्या परती समोरासमोर धरा. न आलेल्या किंवा बदलून आलेल्या मालासाठी क्लेम करता येतो, पण त्याला मुदत असते. ती तुमच्या प्लॅटफॉर्मच्या रिटर्न पॉलिसीत लिहिलेली असते. मार्चअखेर सीएकडे फाइल देताना ही परत सापडली, तर ती फक्त सापडते, पैसे मिळत नाहीत.

कमिशनचं इनव्हॉइस पेमेंटशी का जुळत नाही?

महिन्याच्या शेवटी प्लॅटफॉर्म फीचं टॅक्स इनव्हॉइस देतो. अनेक जण त्यातली रक्कम महिन्याच्या पेमेंट रिपोर्टमधल्या फीशी लावून बघतात, जुळत नाही, आणि फाइल बंद करतात. न जुळण्याचं कारण साधं आहे. फी ज्या तारखेला लागली त्या महिन्याच्या इनव्हॉइसमध्ये ती जाते, पैसे मात्र नंतरच्या सेटलमेंटमध्ये येतात. आपल्या थांबलेल्या ५ ऑर्डरची फी या महिन्याच्या इनव्हॉइसमध्ये आणि पैसे पुढच्या महिन्यात, असं होऊ शकतं. शिवाय परतीच्या ऑर्डरचं कमिशन माघारी येतं ते क्रेडिट नोटने. म्हणून इनव्हॉइसमधून क्रेडिट नोट वजा करा आणि जुळवताना पेमेंटच्या तारखेऐवजी फी लागल्याची तारीख धरा.

मग हेच इनव्हॉइस जीएसटी पोर्टलवर तुमच्या `GSTR-2B` मध्ये आलंय का बघा. तिथे असेल तरच फीवरच्या जीएसटीचं क्रेडिट घेता येतं. नसेल तर प्लॅटफॉर्मकडे तुमचा जीएसटी नंबर बरोबर नोंदवलाय का ते तपासा. टीसीएससाठी पोर्टलवर `TDS and TCS credit received` या ठिकाणी जाऊन रक्कम स्वीकारावी लागते, मग ती तुमच्या कॅश लेजरमध्ये जमा होते. टीडीएस `26AS` मध्ये दिसतो आणि इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये वजा होतो.

आणि एक चूक करू नका: जीएसटी रिटर्नमध्ये बँकेत आलेली रक्कम विक्री म्हणून दाखवू नका. तुमची विक्री ६३० ची आहे, ४६१.२० ची नाही. प्लॅटफॉर्मही सरकारला तुमच्या विक्रीचा आकडा कळवतो, आणि दोन्ही आकडे वेगळे दिसले की नोटीस येऊ शकते.

आता खरा नफा

समजा, सेटची खरेदी आणि पॅकिंग मिळून जीएसटी सोडून ३८० रुपये. एका ऑर्डरच्या गणिताने ६०० मधून १४० आणि ३८० गेले, नफा ८० रुपये. छान वाटतं.

पण प्रत्यक्षात ३१ सेटच्या ६०० प्रमाणे १८,६०० मधून खरी फी ६,११० गेली. उरले १२,४९०, म्हणजे प्रत्येक सेटमागे सुमारे ४०३. त्यातून ३८० गेले की उरतात २३ रुपये. हरवलेल्या सेटचे ३८० धरले, तर उरतात फक्त ११ रुपये. आणि वजनाची तक्रार मंजूर झाली, हरवलेल्या सेटची खरेदी किंमतही भरून मिळाली, तर तेच होतात ३१ रुपये. (थांबलेल्या ५ ऑर्डर यात धरलेल्या नाहीत. त्यांचे पैसे आले की जाहिरातीचा भार थोडा वाटला जाईल.)

११ आणि ३१ मधला फरक विक्री वाढवून आलेला नाही. दहा फोटो आणि एका वहीतल्या नोंदीने आलेला आहे. आणि ८० च्या जागी २३ हा आकडा समोर आल्यावरच तुम्ही ठरवू शकता, की पुढच्या सेलमध्ये ५० रुपयांची सूट द्यायची की नाही. ८० समजून दिलीत, तर प्रत्येक ऑर्डर तोट्यात जाईल आणि डॅशबोर्डवर विक्रीचा आलेख मात्र वर चढताना दिसेल.

तेव्हा पुढची सेटलमेंट आली, की या क्रमाने बसा: आधी UTR ची रक्कम, मग G कॉलम, मग परतीची वही, आणि महिन्यातून एकदा इनव्हॉइस व `GSTR-2B`. ४०-५० ऑर्डरपर्यंत सगळ्या ओळी बघा. ऑर्डर वाढल्या की फरक शून्य नसलेल्या ओळीच फिल्टर करून बघा आणि प्रत्येकीसमोर H मध्ये कारण लिहा. एकही फरक कारणाशिवाय सोडू नका.